मेस्त्रींचा कान

मेस्त्रींचं गॅरेज तीन गाड्या उभ्या राहतील एवढंच होतं. बाहेर पाटी नव्हती; तिची गरजही पडली नाही. लोक गाडी घेऊन यायचे, मेस्त्री इंजिन चालू करायला सांगायचे, लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग सांगायचे, अमुक गेलंय. उघडल्यावर तेच गेलेलं असायचं. चाळीस वर्षं असंच चाललं. गॅरेजात त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. ते 'कान' होते.

मुलीने इस्पितळाच्या चादरी धुऊन पोचवण्याचं काम धरलं, तेव्हा तिला जुनी व्हॅन हवी होती. साठवलेलं सगळं ती त्यात घालणार होती. गाड्यांच्या डीलरकडे बाप-लेक दोघं गेले. डीलर चहा मागवत म्हणाला, "मेस्त्री, तुम्हाला काय सांगायचं? तुम्हीच ऐका."

मेस्त्रींनी पेचकस टेकवला. डोळे मिटले. मुलगी शेजारी उभी होती.

"घे," ते म्हणाले.

गाडी रॅम्पवर चढवून खालून बघायला हवी होती, झाकण उघडायला हवं होतं. दुसऱ्या कुणी एवढ्यावर गाडी घेतली असती तर मेस्त्रींनीच त्याला वेड्यात काढलं असतं. पण कानाने ऐकल्यावर पुन्हा बघायचं म्हणजे कानावर अविश्वास, आणि तो त्यांना परवडणारा नव्हता.

करारात छापलं होतं: वाहन जसे आहे तसे, जेथे आहे तेथे विकले आहे. खरेदीदाराने ते तपासून व चालवून समाधान करून घेतले आहे. स्थिती, दर्जा वा उपयुक्तता यांबाबत विक्रेत्याने स्पष्ट वा गर्भित कोणतीही हमी दिलेली नाही. मुलीने सही केली. डीलरने खाली पेनाने एक ओळ वाढवली, 'खरेदीदाराच्या वतीने तपासणी करणारे', आणि कागद मेस्त्रींकडे सरकवला. "तुमची सही म्हणजे माझ्या दुकानाची शोभा." मेस्त्रींनी ऐटीत सही ठोकली.

नवव्या दिवशी चढावर इंजिनातली साखळी, टायमिंग चेन, तुटली. व्हॉल्व्ह वाकले, इंजिन जागच्या जागी बसलं. ओल्या चादरींचे गठ्ठे रस्त्याकडेला पडले.

डीलरने कागद काढला. "वाचून सही केलीत ना?"

"तू मला फसवलंस."

"कसं? मी एक शब्द बोललो नाही, मेस्त्री. बोललात ते तुम्ही."

म्हणून बाप-लेक वकीलबाईंकडे बसले होते. अरुंद खोली, टेबलावर फायलींची चळत, आणि पंखा एवढा आवाज करत होता की मेस्त्री सारखं पुढे वाकत होते. बाईंनी करार दोनदा वाचला.

"हे कलम पक्कं आहे. जुनी गाडी अशीच विकतात. बिघडली म्हणून पैसे परत मिळत नाहीत."

"मग काहीच नाही?" मुलीने विचारलं.

"एक वाट आहे. हमी नाही याचा अर्थ फसवायची मुभा आहे असा नाही. चेन गेलीय हे त्याला ठाऊक होतं आणि तुम्हाला कळू नये म्हणून त्याने आवाज दाबला, काहीतरी घालून, असं दाखवता आलं तर हे कलम त्याला वाचवणार नाही. पण आवाज उघड असेल, आणि तुमचा माणूस तिथे उभा राहून ऐकत असेल, तर लपवलं काय?" त्या मेस्त्रींकडे वळल्या. "तर मला एवढंच सांगा. त्या दिवशी आवाज होता का?"

"नव्हता," मेस्त्री म्हणाले. "चाळीस वर्षं ऐकतोय मी."

मुलगी कराराच्या कोपऱ्याशी चाळा करत होती.

"होता, बाबा."

मेस्त्री तिच्याकडे वळले.

"काय म्हणालीस?"

"बारीक खडखड होती. साखळी डब्यात हलवल्यासारखी. मला वाटलं, तुम्हाला ऐकू आलीय आणि तेवढी चालते. तुम्ही 'घे' म्हणालात."

"तेव्हा का नाही बोललीस?"

"तुमच्यापुढे मी बोलू? आणि हल्ली कुकरची शिट्टी झाली तरी तुम्ही पेपर वाचत बसता. मला वाटायचं, लक्ष नसतं."

मेस्त्रींना जाड आवाज ऐकू यायचे: हातोडा, ट्रकचं इंजिन, माणसं. बारीक आवाज कधीपासून यायचे थांबले, याचा हिशेब त्यांनी मुद्दाम ठेवला नव्हता.

वकीलबाईंनी पेनाचं टोपण लावलं. "कोर्टात हिला बोलावलं, तर ही हेच सांगणार."

"हो," मुलगी म्हणाली.

मेस्त्रींनी करार ओढून घेतला. छापील मजकुराकडे पाहिलंच नाही. पेनाने वाढवलेल्या ओळीखाली त्यांची सही होती. तिच्यावर ते अंगठा घासत राहिले, तेलाचा डाग काढावा तसे.

"इंजिन मी उतरवतो," शेवटी ते म्हणाले. "फुकट."

"उतरवा," मुलगी म्हणाली. "चालू झालं की ऐकायला मला बोलवा."

मेस्त्री पुढे वाकले. "काय?"

तिने पुन्हा सांगितलं नाही.