अकराव्या जागेचे मास्तर

मास्तरांबद्दल लिहायचं तर आधी माझ्याबद्दल दोन वाईट गोष्टी सांगाव्या लागतील. पहिली ही की, डोंगरवाटांच्या सहली नेणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी बुकिंगच्या टेबलावर बसते आणि स्वतः आजवर एकदाही डोंगर चढलेली नाही. दुसरी गोष्ट ओघात येईलच. ती टाळता आली असती तर मी टाळली असती.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. आमच्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत, चावीवाल्याच्या शेजारी त्यांचं दुकान. दुकान कसलं, एक मशीन, एक स्टूल आणि भिंतीला खिळे. पण आमच्या पाठपिशव्या, तंबू, झोपायच्या पिशव्या, जे काही फाटेल ते सगळं पंचवीस वर्षं त्यांच्याकडेच जातं. फाटलेलं बघून कुठे फाटलं ते ते सांगायचे. "ही बाई चौथ्या दिवशीच्या उतारावर बसून घसरली बघा," असं म्हणून पिशवीच्या बुडावर बोट ठेवायचे. आमचा वाटाड्या हसत मान डोलवायचा, कारण खरंच तिथेच घसरलेली असायची. पिशव्यांच्या कप्प्यांत राहिलेले खडे मास्तर टाकून देत नसत. मशीनच्या खणात ठेवत. बायको म्हणायची, "यांना सोन्याचा खडा सापडला तरी हे वाटेवरचाच म्हणून ठेवतील."

एवढं सगळं वाटेचं ठाऊक असलेला माणूस त्या वाटेवर कधी गेला नव्हता.

गेल्या वर्षी ते एक दिवस पिशव्या द्यायला आले आणि गेलेच नाहीत. गिऱ्हाइकं संपेपर्यंत बाकावर बसून राहिले. मग उठून टेबलाशी आले आणि लाजत म्हणाले, "ताई, त्या आठ दिवसांच्या वाटेला साठपर्यंतच घेतात ना?"

"हो मास्तर. निघायच्या दिवशी साठ पूर्ण झालेली नसावीत. विमावाले त्यापुढे तयार होत नाहीत."

"मग यंदाच. मला दिवाणखान्यातलं कॅलेंडर बदललं की साठ."

हंगामाच्या शेवटच्या तुकडीत बारापैकी अकरावी जागा मी त्यांच्या नावे केली. आम्ही पैसे तीन हप्त्यांत घेतो. पहिला नाव नोंदवताना, तो कधीच परत मिळत नाही. दुसरा निघायच्या साठ दिवस आधी. तिसरा, सगळ्यात मोठा, तीस दिवस आधी, संध्याकाळी सहापर्यंत. सहाला कॉम्प्युटर स्वतःच बघतो. ज्याचा हप्ता जमा नाही त्याची जागा सुटते आणि प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या माणसाला निरोप जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बारा नावांची यादी वनखात्याकडे जाते आणि परवाना त्याच नावांवर निघतो. मग त्यात फेरफार नाही. हे सगळं मी मास्तरांना दोनदा समजावलं. त्यांनी दोन्ही वेळा नव्याने ऐकल्यासारखं ऐकलं.

पहिला हप्ता नाव नोंदवतानाच आला, दुसरा तारखेच्या चांगला आठवडाभर आधी. दोन्ही वेळा तीच पद्धत. मास्तर यायचे, बाकावर बसायचे, शेवटचं गिऱ्हाईक बाहेर पडलं की उठायचे आणि पाकीट टेबलावर ठेवायचे. मी एकदा म्हटलं, "अहो, तुम्हीही गिऱ्हाईकच आहात. रांगेत या की." तर म्हणाले, "नको हो, मी घरचा माणूस." दरम्यान त्यांची तयारी जोरात चालली होती. रोज सकाळी पाण्याच्या टाकीचा जिना, पाठीवर कापडाचे तागे भरलेली पिशवी. डॉक्टरांचा दाखला त्यांनी लॅमिनेट करून आणला. दाखला लॅमिनेट केलेला माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

तिसरा हप्ता पोस्टातली ठेव सुटली की भरायचा, असं त्यांचं ठरलं होतं. ठेव सुटायची तारीख आणि आमची तारीख एकच. मला ते त्यांनी सांगितलं होतं. मी "चालेल की, सहापर्यंत या" म्हटलं होतं.

त्या दिवशी ते साडेपाचला आले.

मी त्यांना पाहिलं. हे मला स्पष्ट लिहायचं आहे. माझ्यासमोर एक जोडपं बसलं होतं, त्यांना सहल रद्द करून सगळे पैसे परत हवे होते आणि नवरा एकेक नियम मोठ्याने वाचून दाखवत होता. माझं डोकं उठलं होतं. मास्तर मांडीवर दुरुस्त पिशव्यांचं गाठोडं घेऊन बाकावर बसले. मी मनात म्हटलं, आलं हे गाठोडं, आता मोजून घ्या. हाताने 'थांबा' अशी खूण केली. त्यांनी मान हलवली. मध्येच मी घड्याळ पाहिलं, सहाला सात मिनिटं होती. नजर पुन्हा त्यांच्यावरून फिरली. आज कुठली तारीख आहे हे मला माहीत होतं, अकरावी जागा कुणाची हेही माहीत होतं. पण दोन्ही गोष्टी एकमेकींना भेटल्याच नाहीत.

सहाला कॉम्प्युटर वाजला. 'जागा ११ रिकामी.' मी वर पाहिलं. मास्तर माझ्याकडेच बघून हसले.

चार मिनिटांनी तो पुन्हा वाजला. 'जागा ११ भरली.' यादीतल्या पहिल्या मुलीने फोनवरूनच सगळी रक्कम भरून टाकली होती. जोडपं तेव्हाही बसलेलंच होतं.

ते गेल्यावर मास्तर उठले. आधी पिशव्या टेबलावर ठेवल्या, मग खिशातून पाकीट काढलं. आतल्या खोलीत सर, म्हणजे आमचे मालक, फोनवर होते. दार अर्धं उघडं. उठून सहा पावलं टाकायची आणि सांगायचं: हा माणूस साडेपाचपासून माझ्यासमोर बसला आहे, चूक माझी आहे.

पण तीनच आठवड्यांपूर्वी माझ्या मावसबहिणीसाठी मी हप्ता जमा झाल्याची नोंद आधीच करून, एक जागा तारीख उलटून गेल्यावरही शब्दावर धरून ठेवली होती. ती आली नाही, जागा रिकामी गेली, आणि सरांनी सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढली होती. 'पुन्हा एक तारीख चुकली तर बघ,' असं म्हणाले होते. मला ते आठवलं. आणि ही ती दुसरी वाईट गोष्ट: मी म्हटलं, "मास्तर, सहा वाजून गेले हो. जागा सुटली. तारीख म्हणजे तारीख."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग पाकिटाकडे.

"मी आलो होतो की..." एवढंच म्हणाले. मी कागद सारखे करत बसले. ते पाकीट पुन्हा खिशात ठेवत म्हणाले, "माझंच चुकलं ताई. आधी आवाज द्यायला हवा होता. एवढ्या पिशव्या मोजून घ्या." मी मोजल्या. सात होत्या. पोच लिहून सही केली, हात जराही थरथरला नाही. त्याची मला आजही किळस येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला यादी मीच पाठवली.

दोन दिवसांनी सरांनी विचारलं, "अगं, मास्तरचं नाव का नाही यादीत?" मी म्हटलं, "हप्ता वेळेत नाही आला." सर म्हणाले, "हो, मी फोन केला त्याला. म्हणाला पोस्टात फार वेळ गेला, तुमच्याकडे पोचलो तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. वेडा माणूस, मला फोन तरी करायचा वाटेतून." मास्तर माझ्यासाठी खोटं बोलले होते. मी त्या खोट्याच्या सावलीत आणखी अठ्ठावीस दिवस सुखाने पगार घेतला. नियमाप्रमाणे त्यांचा दुसरा हप्ता परत पाठवला, पहिला कापून. तो कापल्याची नोंदसुद्धा माझ्याच सहीची.

तुकडी निघायच्या सकाळी ऑफिससमोर बस उभी होती. बारा माणसं, बारा पिशव्या, फोटो, धांदल. त्यात अकराव्या जागेवरच्या त्या मुलीच्या पिशवीचा पट्टा उसवला. कोणीतरी मागच्या गल्लीत धावलं आणि मास्तर सुईदोरा घेऊन आले. फुटपाथवर उकिडवे बसून त्यांनी पट्टा शिवला, दोनदा ओढून पाहिला. मुलीने पैसे विचारले तर म्हणाले, "राहू दे बाळ. चौथ्या दिवशी उतारावर डाव्या अंगाने चाल, उजवीकडे मुरूम आहे." बस गेली. मास्तरांनी सुई कॉलरला टोचली, माझ्याकडे बघून मान हलवली आणि दुकानाकडे गेले.

मी आत गेले आणि सरांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ओरडतील. ते ओरडले नाहीत. खुर्चीत मागे टेकले आणि हळू म्हणाले, "त्याच संध्याकाळी बोलली असतीस तर त्या मुलीला फोन केला असता. चूक आमची म्हणून सगळे पैसे परत, वर पुढच्या हंगामातली पहिली जागा. बावीस वर्षांची आहे ती, एक वर्ष थांबली असती. यादी सकाळी जायची होती. रात्रभर वेळ होता आपल्याकडे." मग म्हणाले, "नोकरी काय, राहू दे. पण त्याचा पहिला हप्ता तू स्वतः नेऊन दे."

दुपारी मी पाकीट घेऊन गल्लीत गेले. दुकानात मास्तरांची बायको डबा घेऊन आली होती. मला बघताच स्टूल पुसून दिलं. "या, बसा. बरं झालं बाई, यांनी स्वतःच नाही म्हटलं ते. गुडघे दुखतात म्हणाले. मी तर आधीपासून सांगत होते, या वयात कशाला." मास्तर मान खाली घालून मशीनवर शिवण घालत होते. मी पाकीट पुढे केलं, तर वहिनी म्हणाल्या, "हेही परत दिलंत? नियमात बसत नाही ना हे? फार भल्या आहात हो तुम्ही."

मला तिथे जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. वहिनी रिकामा डबा घेऊन गेल्या, तेव्हा कुठे तोंड उघडलं. म्हटलं, "मास्तर, तुम्ही साडेपाचला आला होतात. मला माहीत होतं. मी गप्प बसले. सरांना आज सांगितलं."

मास्तरांनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं, आणि बहुधा तेही त्यांना कळत असावं.

"उठणार होतो मी," ते म्हणाले. "सहाला सात मिनिटं असताना उठणारच होतो. पण तुम्ही घड्याळाकडे बघितलंत आणि मग माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, ताईंच्या लक्षात आहे. म्हणून निवांत बसलो."