ऑलिव्हचं गाव कोणतं

हॉलंडमधल्या एका रोपवाटिकेत मी कामाला होतो, तेव्हा आलेला माल उतरवून घेण्याची जबाबदारी मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या एका ताईंकडे होती. एकदा ऑलिव्हची झाडं आली. दुसऱ्या दिवशी रोपवाटिकेच्या नव्या विभागाची फीत कापायला महापौर येणार होते आणि मालकांना ती झाडं फाटकाशी हवी होती. पण इटलीत ऑलिव्हवर रोग होता. तिथला माल तपासल्याशिवाय इतर झाडांत मिसळायचा नाही, हा मालकांचाच नियम. चूक झाली तर ती ताईंच्या माथी येणार.

मी कुंडीवरचा वनस्पती-पासपोर्ट, म्हणजे झाडाची माहिती देणारी अधिकृत चिठ्ठी, वाचला. ‘बी’पुढे NL होतं.

“हॉलंडचीच हायेत, ताई. न्या फाटकाशी.”

“भाऊ, तुमी आमच्या बाजूच्या सौसरचे ना? तुमची संत्री कुठली म्हून विकल्या जात होती?”

“नागपूरची.”

“मंग! ‘बी’त पासपोर्ट देनाऱ्याचा देश असते. झाड कुठलं, ते ‘डी’त पाहा.”

‘डी’पुढे IT, म्हणजे इटली, होतं. ऐंशीच्या दशकात वडिलांच्या बागेतली संत्री दर हंगामात नागपुरी होताना पाहिलेला मी, तरीही फसलो.

“मालक चिडतील.”

“चिडू द्या. मी तं मागच्या शेडमंदी ठेवून राहिली.”

मालक चिडले नाहीत. नियम त्यांचाच होता. फाटकाशी आम्ही झेंडूच्या कुंड्या मांडल्या; त्यांच्याही ‘डी’पुढे NL नव्हतं. महापौरांनी भाषणात त्यांना अस्सल डच फुलं म्हटलं. टाळ्या वाजवता वाजवता ताई माझ्या कानाशी एवढंच म्हणाल्या, “नागपुरी.”