राजीखुशीची फारकत

लातूरच्या एमआयडीसीत एका डाळमिलच्या ऑफिसात रेणुकादास बसत असे तिथं पंखा नव्हता. पंखा लावला की कागद उडतात आणि कागद उडाले की रेणुकादासचा जीव उडतो, असं मिलमधले लोक म्हणत. आवकची वही डावीकडे, जावकची उजवीकडे, मध्ये स्टँप पॅड, आणि त्यामागे सत्तावन्न वर्षांचा, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेला हा माणूस. हमालापासून मालकापर्यंत सगळे त्याला काका म्हणत. शुद्धलेखनाच्या चुकीवर तो असा कळवळे, जणू त्याच्याच पायाला ठेच लागली आहे. एकदा एका ड्रायव्हरनं रजेच्या अर्जात 'आजी वारली' ऐवजी 'आजी वारलि' लिहिलं. काकांनी आधी वेलांटी दीर्घ करून घेतली, मग डोळे पुसले, मग रजा मंजुरीला पाठवली.

पण त्याची खरी ख्याती फारकतीसाठी होती. मिल आणि माणूस एकमेकांच्या संमतीनं वेगळे होणार असले की त्याचा जो कागद होतो, त्याला ऑफिसात 'परस्पर संमतीने सेवासमाप्तीचा करार' म्हणत. हमाल सरळ फारकत म्हणत. शेवटचा दिवस कोणता, नोटिशीचा पगार किती, शिल्लक रजेचं काय, ग्रॅच्युइटी किती, वर कंपनी खुशीनं काय देणार, आणि हे सगळं मिळाल्यावर दोन्ही बाजूंचा एकमेकांवर काही दावा उरला नाही, असा तो कागद. काकांनी असे एकेचाळीस लिहिले होते. त्यांतलं सातवं कलम त्यांच्या विशेष लाडाचं: "मी हा करार राजीखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय करीत असून, ज्ञात वा अज्ञात असा माझा कसलाही हक्क, मागणी वा तक्रार यापुढे उरलेली नाही."

सहा वर्षांपूर्वी पॉलिश मशीनवरच्या रामकिशनला हे वाचून दाखवलं, तेव्हा त्यानं कानाच्या मागं बोट घालत विचारलं होतं, "काका, अज्ञात म्हंजी?"

"जे आपल्याला माहीत नाही ते."

"मंग जे माहीतच न्हाई ते सोडून कसं द्यावं?"

सगळं ऑफिस हसलं. काकाही हसले. रामकिशननं सही केली.

फेब्रुवारीच्या एका दुपारी मृण्मयीनं काकांना आत बोलावलं. ती मिलची नवी मनुष्यबळ अधिकारी. वयानं काकांच्या मुलीएवढी, आणि स्वभावानं चांगली, हीच मोठी पंचाईत. वाईट माणसावर चिडता तरी येतं. तिनं पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. पाण्याचा ग्लास आधी येणं म्हणजे काय, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. एकेचाळीस वेळा तो त्यांनीच सरकवला होता.

"काका, हजेरी, पगार, पत्रव्यवहार सगळं आता पुण्याची एजन्सी बघणार आहे. राजशेखर सरांची इच्छा आहे की तुम्ही सन्मानानं बाहेर पडावं. एकतीस मार्च शेवटचा दिवस. कायद्यानं जे बसतं ते सगळं, आणि वर सहा महिन्यांचा पगार. घरी न्या, आठ दिवस घ्या, वकिलाला दाखवा. घाई नाही."

काका मसुदा वाचू लागले. वाचता वाचता चेहरा उजळला. "मॅडम, हे लिहिलंय कुणी? झकास आहे हो! सातवं कलम तर—" आणि थांबले.

"तुमचाच नमुना आहे ना, काका. फक्त नाव बदललं," मृण्मयी म्हणाली आणि टेबलाकडे बघत राहिली.

नाव बदललं होतं, आणि दुसऱ्या कलमात रुजू होण्याची तारीख घातली होती: १ एप्रिल २००८.

"ही चुकली. मी जुलै नव्याण्णवला लागलो."

"सिस्टिममध्ये आठच आहे, काका."

सिस्टिम खोटं बोलत नव्हती. २००८ साली मिल प्रायव्हेट लिमिटेड झाली, तेव्हा मालक राजशेखरचे वडील चंद्रप्पा, म्हणजे सगळ्यांचे अप्पा, यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं होतं, "राजीनामे द्या आन् नव्या कंपनीत लगेच रुजू व्हा. मिल तीच, माणसं तीच. निस्तं कागदाचं काम हाय." ते निस्तं कागदाचं काम काकांनी रात्र रात्र जागून केलं होतं. छत्तीस राजीनामे, एकसारख्या वळणदार अक्षरात, प्रत्येकात 'राजीखुशीने'. सदतिसावा स्वतःचा. ग्रॅच्युइटीचा विषय तेव्हा निघाला नाही; अप्पांच्या शब्दावर सगळे होते. पीएफही तिथून पुढं सुरू झाला. पुढं अप्पा गेले, त्यांचा शब्दही त्यांच्याबरोबर गेला.

काका तारखेसाठी मालकाकडे गेले. राजशेखरनं त्यांना उभं ठेवलं नाही, बसवलं, चहा पाजला. "काका, मी काय म्हणतो, नव्याण्णव लिहिलं की तिथून सगळ्यांचं लिहावं लागेल. ऑडिटवाले मला सोलतील. वाटलं तर सहाच्या जागी सात महिने करू."

"महिने नको, शेठ. तारीख दुरुस्त करा."

"काका, अक्षर कुणाचं आहे त्या राजीनाम्यावर?"

अक्षर सुरेखच होतं.

घरी पत्नी प्रेमलानं विचारलं, "असं किती बुडतंय?"

"आठ वर्षं नऊ महिने."

"पैशाचं विचारायले मी."

"मी वर्षांचं सांगतोय. अगं, तू औशाला बाळंतपणाला गेलीस तेव्हा मी कुठं होतो? मिलमध्ये. त्या कागदाप्रमाणे मी कुठंच नव्हतो. आपल्या पोरीची बारशाची साखर ऑफिसात वाटली, ती काय हवेत वाटली?"

प्रेमलानं त्यांच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी वाढली. या घरात काळजी भाकरीतून व्यक्त होत असे, त्यामुळं त्या महिन्यात काकांचं वजन वाढलं.

वकिलानं मात्र स्पष्ट सांगितलं. "ग्रॅच्युइटी कायद्यानं मिळते. कुठल्याही करारानं ती सोडून देता येत नाही. 'हक्क उरला नाही' म्हणून सही केली तरी हक्क मरत नाही. पण तुम्ही स्वतः सही करून तारीख मान्य केली, की उद्या तोच कागद तुमच्यासमोर येईल. राजीनामा त्यांच्याकडे, आणि कधी लागलात ते त्यात नाही. नव्याण्णवचा पुरावा काय? हजेरीपट?"

जुने हजेरीपट पूर्वी कपाटात होते. दहा वर्षांपूर्वी 'जुने दप्तर निकाली काढण्याबाबत' असं टिपण त्यांनीच लिहिलं, मंजूर करून घेतलं, आणि चार पोती रद्दी स्वतः मोजून दिली. पावती अजून फाईलला होती. रद्दीची पावती जपणारा माणूस आपली वर्षं रद्दीत घालून बसला होता.

"मग साक्षीदार आणा," वकील म्हणाले. "तुमच्याआधीपासून तिथं असलेला कुणी. प्रतिज्ञापत्र करू, लेबर ऑफिसात अर्ज टाकू. वेळ जाईल, पण उभं तरी राहता येईल."

आधीपासूनचा एकच जिवंत होता.

काका सकाळच्या एसटीनं नांदेडला आणि तिथून नायगावला गेले. रामकिशनची स्टँडच्या मागं पानटपरी होती. त्यानं काकांना ओळखलं, बाकडं पुसलं, चहा सांगितला.

"काका! लई वाळले की वो तुम्ही!"

इतक्या भाकऱ्यांनंतर हे ऐकून काकांना बरं वाटलं. त्यांनी सगळं सांगितलं. रामकिशन सुपारी कातरत ऐकत राहिला. "हाव की. म्या सत्त्याण्णवचा, तुम्ही माझ्या मागून दोन वर्षांनं आलाव. पयल्याच दिवशी तुमच्या धोतरावर कोंडा पडला म्हणून पँट घालायला लागलाव. माहीत न्हाई का मला?"

"तेच लिहून दे, रामकिशन. एवढंच."

रामकिशनचा अडकित्ता थांबला. तो टपरीत वाकला आणि बिस्किटाच्या डब्यातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला. "माझ्या लेकीनं वाचून दाखवलंय मला. नववं कलम. तुम्ही वाचा."

काकांना वाचायची गरज नव्हती. इतर कुणाच्या फारकतीत नव्हतं ते कलम, फक्त रामकिशनच्या होतं. तो मिलमध्ये जरा तोंडाळ म्हणून अप्पांनी 'काहीतरी घट्ट लिहा' म्हटलं होतं, आणि काकांना घट्ट लिहिण्याची हौस होती: "कंपनीविरुद्ध कोणत्याही कार्यवाहीत मी साक्ष देणार नाही अथवा साहाय्य करणार नाही, तसे केल्यास मिळालेली संपूर्ण रक्कम परत करीन."

"त्या पैशात पत्रे टाकलेत घरावर," रामकिशन म्हणाला. "परत कुठून द्यावं, काका?"

"अरे, ते कलम कोर्टात टिकत नाही. साक्ष द्यायला कुणाला असं बांधून घेता येत नाही."

"टिकत न्हाई?"

"नाही."

रामकिशननं कागदाकडे पाहिलं, मग काकांकडे. त्याच्या आवाजात राग नव्हता. "मंग लिवलं कशाला?"

स्टँडवर देगलूरची गाडी लागली, कंडक्टर ओरडला, लोक पळाले. काकांनी चहा संपवला. ऐकायला चांगलं वाटावं म्हणून लिहिलं होतं, दुसरं कशासाठी. घट्ट वाटावं म्हणून. वाक्याला वजन यावं म्हणून.

"भ्याव वाटतं मला, काका," रामकिशन म्हणाला. "तुमच्यावर इस्वास हाय. पण कागदावर बी शब्द तुमचाच हाय नं." त्यानं चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. गाडीत चढताना हातात एक मसाला पान दिलं, ते काकांनी लोह्यापर्यंत हातातच धरलं.

एकतीस मार्चला करार दोन प्रतींत टेबलावर ठेवला होता. मृण्मयीनं विचारलं, "वाचलं ना, काका? काही शंका?"

"आठव्या ओळीत 'राजिखुशीने' झालंय. जी दीर्घ पाहिजे."

तिनं नवीन प्रिंट काढली. राजशेखरनं सही केली, दोन साक्षीदारांनी केल्या. काकांनी प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात सही केली, शेवटच्या पानावर पूर्ण नाव लिहिलं. तारखेच्या कलमावर पेन थोडा वेळ थांबला. कुणी घाई केली नाही. मग तो पुढं गेला.

मिलनं शाल दिली, श्रीफळ दिलं. राजशेखरचे डोळे खरोखरच ओले झाले होते, आणि त्यानं काही बदलत नव्हतं.

सगळे गेल्यावर काका आपल्या टेबलाशी आले. त्यांची प्रत मिलबाहेर जाणार तर जावकच्या वहीत नोंद हवी, आणि नोंद करणारा अजून संध्याकाळी सहापर्यंत नोकरीत होता. त्यांनी वही उघडली. क्रमांक टाकला. विषयाच्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं: 'श्री. रेणुकादास, आस्थापना लिपिक, यांची सेवासमाप्ती, सेवा १९९९ ते—'

हात थांबला. वहीतला मजकूर आणि सोबतचा कागद जुळलाच पाहिजे, हे गेली कित्येक वर्षं ते इतरांना सांगत आले होते. त्यांनी पट्टी घेतली, १९९९ वर सरळ रेघ मारली, वर २००८ लिहिलं. आणि खाडाखोड झाली की शेजारी छोटी सही करायची असते, म्हणून ती केली.