टीव्हीचा कायमचा पत्ता

अर्धांगवायूनंतर वडिलांना रिमोटची बारीक बटणं दाबता येईनात, म्हणून त्यांच्या मोबाईलवर मी मोठ्या बटणांचं ॲप टाकलं. त्यात टीव्हीचा नेटवर्कवरचा पत्ता भरावा लागे. पण आमच्याकडं भाटघरला वीज गेली की राउटर नव्यानं सुरू होई आणि टीव्हीला भलताच पत्ता देई. मग मला भोरला कामावर वडिलांचा फोन यायचा, "ह्यो परत ऐकंना."

शेवटी एका रविवारी राउटरच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्याचा न बदलणारा ओळख क्रमांक, टाकून त्याच्यासाठी एक पत्ता राखून ठेवला. दोन्ही बंद करून चालू केले, तर टीव्हीला पत्ता वेगळाच. तीनदा तेच झालं. "ऱ्हाऊ दे, म्या नुसता बसून ऱ्हाईन," वडील म्हणाले. त्यानं मी जास्तच चिडलो.

टीव्हीचं माहितीचं पान पुन्हा उघडलं. तिथं दोन मॅक ॲड्रेस होते, एक इंटरनेटच्या केबलचा, एक वायफायचा. टीव्ही वायफायवर चालत होता आणि मी केबलचा लिहून बसलो होतो. तो बदलल्यावर राखलेलाच पत्ता आला. वडिलांनी डाव्या अंगठ्यानं बातम्या लावल्या. माझा स्वतःवरचा राग मात्र संध्याकाळपर्यंत उतरला नाही.