गाळलेलं ‘नाही नाही’

सत्तरच्या दशकात नागपुरातल्या एका सरकारी कचेरीत मी लघुलेखिका म्हणून लागले. साहेब बोलत, मी वहीत रेघोट्या ओढत असे आणि मग टाइपरायटरवर शुद्ध प्रत काढत असे. साहेब खोकत, एकच वाक्य तीनदा सुरू करत, मधेच चहा मागवत. त्यातलं काय कागदावर येऊ द्यायचं नाही हे मला कुणी शिकवलं नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत ते आपोआप कळलं. चुकलं की साहेब “खोडा” म्हणत. “खोडा” म्हटलं की मागचं रद्द. बाकी सगळं बोलणं म्हणजे नुसता भुसा, असं मी धरून चाले, आणि तीस वर्षं त्यात कधी अडचण आली नाही.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी आमच्या वरच्या मजल्यावर वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक प्राध्यापिका राहायला आल्या. त्या संत्र्याच्या बागांवर पॉडकास्ट करत. जुन्या बागायतदारांकडे जायचं, तासभर बोलायचं आणि ते रेकॉर्डिंग इंटरनेटवर टाकायचं. ऐकणारे होते, पण त्यांची तक्रार एकच. एका संध्याकाळी जिन्यात त्या मला म्हणाल्या, “काकू, लोक विचारतात, डिंक्यावर त्यांनी काय सांगितलं होतं? कुठल्या मिनिटाला? मलाच आठवत नाही. आवाजात शोधता येत नाही ना काही.”

“मग लिहून काढा,” मी म्हटलं.

“वेळ कुठे आहे?”

मला होता. असं ते काम माझ्याकडे आलं.

कामाची पद्धत त्यांनी एका दुपारी समजावली. रेकॉर्डिंग एका प्रणालीत टाकलं की ती पाच-सात मिनिटांत सगळं बोलणं अक्षरांत उतरवून देई, प्रत्येक परिच्छेदापुढे वेळ घालून. ही कच्ची प्रत. ती वाचताना मला पहिल्यांदा हसूच आलं. मोरचुदाचा मोरचंद झाला होता, मोरचूद आणि चुना कालवून करतात त्या बोर्डो मिश्रणाचं बोर्ड मिश्रण, आणि झाडाच्या खोडातून डिंक गळतो त्या डिंक्या रोगाचं ‘डिंक या’. मी अशा शब्दांची एक यादी केली आणि दर भागाला आधी ती यादी लावू लागले. मग कोण बोलतंय ते तपासायचं, कारण मशीन प्राध्यापिकाबाईंचं वाक्य पाहुण्याच्या तोंडी घाली. मग अं, म्हणजे, ते काय म्हणतात, अर्धवट वाक्यं काढायची. परिच्छेद पाडायचे, उपशीर्षकं द्यायची. शेवटी वर शो नोट्स: भागात काय आहे ते चार ओळींत, पाहुणे कोण, आणि कितव्या मिनिटाला कोणता विषय. त्या वेळेवर बोट ठेवलं की आवाज तिथूनच सुरू होई.

“शीर्षकात रोगाचं शास्त्रीय नाव नको,” असं मीच त्यांना सुचवलं. “शेतकरी फोनवर डिंक्या लिहील.” त्यांनी मानलं. दोन्ही नावं नोट्समध्ये ठेवली, पण डिंक्या आधी. दोन महिन्यांत लोक शोधत शोधत येऊ लागले. मला त्याचं समाधान होतं, आणि खरं सांगायचं तर थोडा ताठाही आला होता.

नवव्या भागातले पाहुणे ऐंशी ओलांडलेले होते. काटोलकडे त्यांची बाग होती, आता ते नागपुरातच मुलाकडे मानेवाड्याला राहत. साठ ते ऐंशीच्या दशकांतल्या बागांबद्दल ते फार छान बोलले. विहिरीवरची मोट जाऊन इंजिन कसं आलं, संत्री बांबूच्या करंड्यांत गवत घालून कशी भरत, पहिल्यांदा पाठीवरचा पंप घेतला तेव्हा आख्खा गाव पाहायला कसा आला. पण त्यांना एक सवय होती. दर वाक्याला “नाही नाही”. “नाही नाही, सांगतो ना तुम्हाले.” “नाही नाही, त्या वक्ताले कुठची वीज?” कच्च्या प्रतीत पानोपानी तेच. वाचणाऱ्याला वाटेल, म्हातारा सारखा भांडून राहिला आहे.

भाग मी आधी एकदा पूर्ण ऐकला होता. मग शोध-बदल करून सगळे “नाही नाही” एका झटक्यात उडवले. प्रत एकदम स्वच्छ झाली. पुढचं शुद्धीकरण मी नुसतं वाचूनच केलं, पुन्हा आवाज न लावता.

फवारणीच्या जागी मजकूर असा उरला होता: “एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. शंभर. दहा ते मला माले.” शेवटचं वाक्य म्हणजे मशीनची बडबड, म्हणून काढलं. तो एकटा ‘शंभर’ मात्र लोंबत होता. आधीच्या परिच्छेदात त्यांनी आपल्या शंभर झाडांचा उल्लेख केला होता. मी लिहिलं, “दहा लिटर पाणी, शंभर झाडांना.” वाक्य नीट बसलं. पोस्ट प्रसिद्ध झाली.

तीन आठवड्यांनी प्राध्यापिकाबाईंना एका बाईंचा फोन आला. कामाबद्दलचा आहे म्हणून त्यांनी तो स्पीकरवर टाकून माझ्यासमोर ठेवला. पलीकडच्या बाई स्वतःची बाग स्वतः पाहत होत्या. आवाजात राग नव्हता.

“ते डिंक्याचं लिवलेलं कोनं लिवलं?”

“मी,” मी म्हटलं.

“बाई, तुमी दहा लिटर लिवलं. मी तसंच कालवलं. पंपात टाकलं तं एका झाडावर उडालं आन् नोझलच जाम. हे काय पानी म्हनाचं? चुन्याचं लिंपनच झालं ते. मंग मले शंका आली. तुमी वर टाइम देला हाय ना, त्याच्यावर बोट ठेवलं आन् म्हाताऱ्याचा आवाज ऐकला.”

“काय म्हणाले ते?”

“दहा लिटर म्हनले, आन् लगेच, नाही नाही, शंभर. दहा ते मलमाले. त्यानं बराबर सांगतलं. लिवनाऱ्यानं खाल्लं.”

प्राध्यापिकाबाईंनी विचारलं, त्या झाडाचं काय?

“कवळी पालवी करपली. येईन परत. बाकीचं वाया नाही गेलं, खोडालेच फासून टाकलं. मलमच होतं ना ते. पन दुसरा कोनी असता, मोठा पंप असता, तं बाग जाळून बसला असता. म्हनून फोन केला.”

फोन ठेवल्यावर आम्ही ती जागा लावली. एकदा, मग कमी वेगाने पुन्हा. “नाही नाही, शंभर. दहा ते मलमाले.” तेवढं एक “नाही नाही” सवयीचं नव्हतं. तेवढ्याच ठिकाणी ते साहेबांच्या “खोडा”च्या जागी होतं. आणि ‘मला माले’ म्हणजे मलमाले, खोडाला लावायच्या मलमाला.

मी ताबडतोब आकडा बदलायला घेतला. “झालं,” मी म्हटलं, “आता कुणाला कळणारही नाही.”

“कळायला पाहिजे, काकू.”

मला ते पटलं नाही. कचेरीत चूक झालेलं पान फाडून नवं टाइप करत. चूक झाली होती याची खूण प्रतीत ठेवणं हाच कामचुकारपणा समजत. मी तसं म्हणाले.

“तुमच्या कचेरीतलं जुनं पान टोपलीत जायचं,” त्या म्हणाल्या. “हे पान लोकांनी वाचलंय. कुणी फोटो काढून गटात पाठवलं असेल. ते आपल्या हातात नाही. निदान परत येऊन पाहील त्याला कळलं पाहिजे की त्याच्याकडचा आकडा चुकीचा आहे.”

पोस्टच्या अगदी वर, शो नोट्सच्याही आधी, मी दुरुस्ती लिहिली: या पोस्टमध्ये फवारणीच्या पाण्याचं प्रमाण आधी चुकीचं छापलं होतं. एक किलो मोरचूद आणि एक किलो चुन्याला फवारणीसाठी शंभर लिटर पाणी. दहा लिटर हे फक्त खोडाला लावायच्या मलमाचं प्रमाण. चूक लिहिताना झाली, पाहुण्यांची नाही. शेवटचं वाक्य मी स्वतः घातलं. तारीख घातली. तीच ओळ ऐकण्याच्या ॲपवर भागाखाली जो मजकूर दिसतो तिथेही टाकली, कारण बरेच जण पोस्टपर्यंत येतच नाहीत.

मग मी मूळ प्रत काढून उडवलेले सगळे “नाही नाही” एकेक करून आवाजाशी ताडून पाहिले. त्याला दोन दिवस लागले. आणखी एक खरं निघालं. मोरचूद लोखंडी भांड्यात विरघळवू नये, प्लास्टिकच्या बादलीत विरघळवावा, असं ते सांगत होते. तिथेही आधी “लोखंडी” तोंडातून निघून गेलं होतं आणि त्यांनी लगेच सुधारलं होतं. ते वाक्य माझ्या हातून नशिबाने बरोबर लिहिलं गेलं होतं. नशिबानेच.

पाहुण्यांना सांगायला मी एकटी मानेवाड्याला गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “वाचा बरं काय लिवलं ते.” मी मोबाइलवर पोस्ट उघडून वाचू लागले. दोन परिच्छेद झाल्यावर त्यांनी हात वर केला.

“हा कोन बोलून राहिला?”

“तुम्हीच.”

“मी असा नाही बोलत गा. नाही म्हटल्याशिवाय माझं गाडं पुढं नाही जात.” सून चहा घेऊन आली होती. तिने हसू आवरलं. ते मात्र गंभीर होते. “करपलं कुनाचं?”

मी त्या बाईंबद्दल सांगितलं. त्यांनी झाड किती वर्षांचं ते विचारलं. ते मला माहीत नव्हतं. पालवी येईल, ते म्हणाले, पण तिले सांगा, पहिले साधं पानी मारून पानं धू म्हना. त्याला आता बरेच दिवस झाले आहेत, असं मी म्हटलं. मला जायची वेळ झाली होती, पण उठवेना.

घरी येऊन मी त्यांचे काही “नाही नाही” परत घातले, जिथे वाचताना अडखळायला होत नव्हतं तिथे. तेव्हापासून माझा नियम झाला: जिथे आकडा, माप किंवा औषधाचं नाव आहे, तिथे कान लावल्याशिवाय एक अक्षरही काढायचं नाही. शोध-बदल फक्त शब्दांच्या यादीसाठी.

एक गोष्ट मात्र माझ्या हातात नव्हती. सर्च केलं की निकालाखाली दोन ओळींचा उतारा दिसतो, त्यात जुनंच वाक्य दिसत राहिलं. दहा लिटर पाणी, शंभर झाडांना. पान पुन्हा तपासावं अशी विनंती प्राध्यापिकाबाईंनी सर्च इंजिनला पाठवली होती. ते होईल तेव्हा होईल, त्या म्हणाल्या. मी रोज सकाळी देवपूजेआधी फोन उघडून ‘डिंक्या फवारणी पाणी किती’ लिहून पाहत असे. आठवडाभर तेच वाक्य. मग एका सकाळी तिथे ‘शंभर लिटर’ दिसलं.

मी त्या बागेच्या बाईंना फोन लावला. त्या तुरीच्या शेंगा तोडायला मजुरांसोबत शेतात होत्या; वारा फार होता. मी मोठ्याने सांगितलं, सर्चमधला उताराही बदलला.

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि कुणाला तरी पोतं इकडे आण म्हणून ओरडल्या.