सोनूच्या पाठीमागून

मंडईत संभाजीच्या आवाजाला तोड नव्हती. मेथी घ्यायची नसली तरी गिऱ्हाईक वळून बघायचं. घरी मात्र बायको राधा गेल्यापासून त्याच्याशी बोलणारं एकच माणूस होतं, पाच वर्षांची लेक सोनू, आणि तिचं बोलणं त्याच्याशिवाय कुणाला कळत नव्हतं.

सोनूला जन्मापासून कमी ऐकू यायचं. दोन्ही कानांना यंत्रं होती. ओठांवर दिसणारे प, ब, म ती नीट म्हणायची, 'आ'सुद्धा मोकळा. घशाकडचा 'क' दिसत नाही, म्हणून त्याचा 'त' व्हायचा. 'ई' ढेपाळायची, 'मीठ'चं 'मत' व्हायचं. 'स' आणि 'श' तिला उन्हाळ्यात आले होते. दिवाळीनंतर ते पुन्हा 'त' झाले. साखरेची 'तातल' झाली. जूनमध्ये साध्या शाळेत घालायचं, तर तिथल्या बाईंना तिचं बोलणं कळायला हवं होतं.

"रोज सकाळी आवाज तपासता ना?" नारायण पेठेतल्या वाचाउपचाराच्या भाग्यश्रीबाईंनी विचारलं.

"एक दिवस चुकवला नाही, बाई."

त्याने करूनच दाखवलं. सोनूला समोर बसवलं आणि म्हणाला, आ, ऊ, ई, म, श, स. दर आवाजाला सोनूने एक चिंचोका डब्यात टाकला. एकही चुकला नाही. संभाजीची छाती फुगली.

बाई उठून सोनूच्या मागे गेल्या आणि तेच आवाज काढले. चार चिंचोके पडले. 'श'ला सोनू घुटमळली. 'स'ला तिचा हात तसाच हवेत राहिला.

"अहो, तिला ऐकू येतंय का ते बघायचं होतं. दिसतंय का ते नाही."

दोन्ही यंत्रांच्या नळ्यांत ओल साचली होती. जाडे आवाज त्यांच्यातून कसेबसे जात होते, बारीक 'स' अडकून बसला होता. जे ऐकूच येत नाही ते पोर म्हणणार कुठून? बाईंनी नळ्या बदलल्या आणि बजावलं, "यापुढे मागूनच."

सकाळची ती तपासणी म्हणजे संभाजीच्या दिवसातल्या गप्पा होत्या. दिवसभर तो शहराला ओरडायचा, पण त्याच्या तोंडाकडे डोळे लावून बसणारं ते एकच पोर होतं.

दुसऱ्या दिवशी तो सोनूच्या मागे उभा राहिला. समोर नुसत्या दोन वेण्या. तो हळूच म्हणाला, "स."

डबा वाजला. मग सोनू आपली आपणच म्हणाली, "स. सातल."

अजून 'ख' आणि 'र' राहिले होते, पण 'स' लखलखीत होता. संभाजीला रडू आलं. आनंद होताच, पण तिने वळून बघावं असंही त्याला फार वाटलं. सोनू वळली नाही. डोकं खाली घालून ती पुढच्या आवाजाची वाट बघत राहिली.