सासूबाईंच्या डोळ्यांवरची पट्टी आणि चार वेष्टनं

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन परभणीला झालं, तेव्हा दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना उताणं निजवलं होतं. आता लोक ऑपरेशन करून त्याच दिवशी चालत घरी येतात. तेव्हा तसं नव्हतं. हलायचं नाही, खोकायचं नाही आणि कडक काही चावायचं नाही, टाके ओढतात, असं डॉक्टरांनी तीनदा बजावलं होतं. दवाखान्यात वरण-भात मिळायचा. पण बाईंचं म्हणणं एकच: "भात काय, आजाऱ्यानं खावा. मला भाकर पायजे."

"आत्या, तुम्ही आजारीच आहात," मी म्हटलं.

"मी न्हाई. माझा डोळा आजारी हाय."

भाकरी आणायची म्हणजे पूर्णेहून. आमचे हे तिथल्या रेल्वे शेडमध्ये कामाला, त्यांना रजा नव्हती. थोरल्या जाऊबाई रात्री दवाखान्यात राहायच्या आणि सकाळच्या गाडीनं डबा घेऊन मी जायची. गाडीला स्वतःची मर्जी होती. कधी वेळेवर, कधी मधेच एखाद्या सिग्नलपाशी ध्यान लावून बसायची. ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरल्यावर फुलासारखी मऊ असते, गार झाली की तिचं ढोरांच्या चामड्याशी नातं निघतं. ती चावून म्हातारीचे टाके ओढले गेले तर? आणि भाकरी नाही मिळाली तर ती उठून गावाला चालती होईल, हीही धमकी होतीच. सासरे गेल्यापासून ती कुणाचं ऐकत नव्हती. मला खरोखर भीती वाटत होती.

शेजारच्या गार्डच्या बायकोनं, वैनींनी, उपाय सांगितला. त्यांच्याकडे चांदीच्या कागदाची गुंडाळी होती, फॉइल. "ह्यात गरम राहतं हो, चार तास." मी तव्यावरची भाकरी तशीच कागदात दाबून बसवली, कडा मुठीत पिळल्या आणि मोठ्या ऐटीत निघाले.

गरम राहिली, त्यात शंका नाही. पण वाफ जाणार कुठे? आत कागदाला पाण्याचे थेंब लागले आणि ते सगळे भाकरीत परत मुरले. सासूबाईंनी चाचपत भाकरीवर हात फिरवला, तुकडा तोडला, म्हणजे ओढला. "आगं, ही भाकर हाय का गोधडीचा बोळा? भिजवून आणलीस व्हय?"

मला राग यायला वेळ लागत नाही. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी मनातल्या मनात भांडत आले.

दुसऱ्या दिवशी बटर पेपर. तो बेकरीवाल्याकडे मिळाला, बिस्किटांच्या खाली पसरतात तो. हा कागद तेल धरतो, बाहेर फुटू देत नाही, आणि वाफही थोडीफार सोडतो. भाकरी ओली झाली नाही. पण ऊबही राहिली नाही, आणि त्याच दिवशी गाडीनं मिरखेल स्टेशनच्या आसपास बराच वेळ आराम केला. दवाखान्यात पोचेपर्यंत भाकरीच्या कडा ताठ झाल्या होत्या. आत्यांनी कड दाबून बघितली आणि बाजूला ठेवली. मधला मऊ गोल तेवढा कसाबसा दुधात कुस्करून खाल्ला. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "अहो, असं अर्धपोटी ठेवून कसं चालेल? ताकद यायला हवी ना." त्या दिवशी मला राग आला नाही, रडू आलं.

रात्री वैनींनी ठेवणीतलं काढलं. त्यांच्या भावानं दुबईहून आणलेलं क्लिंग फिल्मचं खोकं. काचेसारखा पातळ, अंगाला चिकटणारा प्लास्टिकचा कागद. "कांदा चिरून ठेवला तर वास बाहेर येत नाही बघा," असं त्या कौतुकानं सांगत होत्या. मी सकाळी गरम भाकरी त्यात गुंडाळली तर कागद आक्रसून भाकरीलाच धरून बसला. आत धुकं. सोडवायला गेले तर भाकरीचा पापुद्रा निघून आला. वैनींनी घाईनं चष्मा लावून खोक्यावरचं वाचलं. गरम पदार्थाला टेकवू नये, असं त्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून असे काही हसलो, की ह्यांनी बाहेरून विचारलं, "काय झालं?" ती भाकरी ह्यांनीच खाल्ली. मी दुसरी थापली आणि फडक्यात बांधून धावत गाडी गाठली.

सासूबाईंना हे सगळं सांगितलं, तर त्या उशीवरून हुकूम सोडल्यासारख्या म्हणाल्या, "विकतचं कागद कशाला पायजेत? माझं मेणाचं फडकं हाय की. लोणच्याच्या बरणीला बांधलेलं. त्यात आण उद्या."

हे फडकं म्हणजे आमच्या घरची मानाची वस्तू. त्यांच्या माहेरकडचा एक माणूस मधाचं पोळं काढायचा. त्याच्याकडून मेण आणून, वितळवून, त्या सुती कापडाला चोळायच्या. बरणीच्या तोंडाला हातानं दाबून बसवलं की हवा लागत नाही, आणि पावसाळ्यातही लोणच्याला बुरशी नाही. त्यांनी लग्नात मला दागिने दिले नाहीत, पण हे फडकं कसं करायचं ते शिकवलं होतं. मग मी शंका का घेऊ? बरणीचं फडकं स्वच्छ धुऊन घेतलं आणि तव्यावरची भाकरी त्यात गुंडाळली.

आत्यांनी पहिला घास घेतला. चघळला. थांबल्या. मला वाटलं, आज जमलं.

"काय गं," त्या हळू म्हणाल्या, "मला मेणबत्ती खाऊ घालायलीस का?"

"आत्या, तुमचंच फडकं आहे."

पट्टीखाली तोंड तसंच राहिलं. मग खालचा ओठ हलला आणि त्या हसायला लागल्या. गरम भाकरीनं मेण वितळून भाकरीवर पसरलं होतं. बरणीचं लोणचं थंड असतं, हे त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं आणि माझ्याही. त्या पोट धरून हसत होत्या. नर्सबाई धावत आल्या, "आजी, हसू नका! टाके!" म्हणून ओरडल्या. मी तोंडात पदर कोंबला. शेजारच्या खाटेवरची बाई काही न कळता आमच्यासोबत हसत होती. त्या दिवशी आत्यांनी वरण-भात निमूटपणे खाल्ला, फार दिवसांनी पोटभर.

पण मी हट्टाला पेटले. पुढल्या पहाटे पिठात उकळतं पाणी घालून ते मऊ मळलं, भाकरी तव्यावरून उतरवल्यावर टोपलीत जरा उभी ठेवली, वाफ जाऊ दिली. मग तिला लोणी चोळलं. आत बटर पेपर, त्यावर चांदीचा कागद, दाबून न पिळता नुसता दुमडलेला, आणि वरून घरच्या जाड फडक्याची घडी. गार दह्याची वाटी मात्र मेणाच्या फडक्यानं बंद केली. त्या फडक्याला त्याचं काम परत मिळालं.

त्या दिवशी पट्टी निघणार होती. मी पोचले तेव्हा डॉक्टर नुकतेच गेले होते आणि आत्या उजेडाला सरावायच्या प्रयत्नात होत्या. मी कागद सोडला. भाकरी अजून कोमट होती. बोटांनी सहज मोडली. त्यांनी ती डोळ्यांसमोर धरली, इतकी जवळ की नाकाला लागेल.

"हितं करपली हाय," त्या म्हणाल्या. "पट्टी होती तेच बरं होतं."

मी काही बोलायच्या आत त्यांनी करपलेली कड स्वतःच्या दह्यात बुडवली आणि मधला मऊ भाग माझ्या हातात दिला. मग माझ्याकडे नीट बघितलं.

"लय वाळलीस की गं. रोज पयल्या गाडीनं येतीस, मग तू कवा जेवतीस? बस हितं. खा आधी."

मी खाटेच्या कडेवर बसले आणि घास घेतला. भाकरी मऊ होती.